बिभीषण सरांचं क्रांतिक तापमान

"सापळ्यात होतं का न्हाई? दोन मितींत, सापळ्यात, कंडेन्सेशन होतं का न्हाई? एवढंच सांग!"

"होतं, सर. पण तुमच्याकडं वाटीसारखा सापळा कुठंय? तुमचा डबा आहे. सपाट तळाचा, उभ्या भिंतींचा."

"सपाट? आन् खाचा दिसल्या न्हाईत तुला? अख्खं तिसरं प्रकरण खाचांवर हाय!"

"खाचांनी बोसॉन जड होतो, सर. तेवढंच होतं. तळाजवळच्या ऊर्जापातळ्यांची दाटी आहे तशीच राहते. तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलंय ते मलाच शिकवायला पुण्याहून आलीस व्हय?"

ज्ञानेश्वरीनं पुढचं पान उलटलं. कोपरगावातल्या त्या कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये रविवारी दुसरं कुणी नव्हतं. टेबलावर सरांचा थिसिस पसरलेला, पातळ थरात खाचा मारल्या की बोसॉन तळाला साचतात असं मांडणारा, स्पायरल बाइंडिंगचा, आणि त्यात तिनं लावलेल्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या. संदर्भयादीतले स्वल्पविराम बघून दे, एवढंच काम सरांनी तिला सांगितलं होतं. तिनं स्वल्पविराम बघितले. आणि मग न सांगितलेलंही बघितलं.

"बरं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "कॉम्प्युटरात गॅसला डबा केवढा घेतलाय तुम्ही?"

"लिहिलंय की."

"एकच घेतलाय. सगळ्या आलेखांना तोच."

"दीडपट मोठा घेऊन तपासलाय. परिशिष्टात बघ. कुठं काय फरक पडला? जरासं सरकलं तापमान, तीन-चार टक्के. कॉम्प्युटर आकडे कापतो, त्यातला फरक हाय तो."

"तो कापाकापीतला फरक नाही, सर. ते खरंच खाली सरकतंय. हळू सरकतं म्हणून दिसत नाही. दहापट करा. शंभरपट करा. तुमचं क्रांतिक तापमान थांबणार नाही, घसरतच जाईल. स्वतः पळवून बघा."

"ह्या मशीनवर शंभरपट?"

"प्रोग्रॅम मी लिहून आणलाय. पातळ्यांचे गठ्ठे करून मोजतो, तासाभरात उत्तर देतो." तिनं खिशातून पेनड्राइव्ह काढून थिसिसवर ठेवला. "माझं चुकलं असेल तर मला फोनवरून शिव्या द्या. मी वाट बघते."

ती गेली, तरी सर तसेच उभे होते. वय एक्केचाळीस, केस मागं सरलेले, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. ह्या कॉलेजात बिभीषण सरांना ओळखत नाही असा मुलगा नव्हता आणि मस्टरवर त्यांचं नाव कायम म्हणून कधी लागलं नव्हतं. ते तासिका तत्त्वावरचे. दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, दर मार्चमध्ये सुट्टी. सेटची परीक्षा त्यांना दर वेळी थोडक्यात हुलकावणी द्यायची. आता प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुढच्या जूनला पात्रता नसलेला माणूस मला तासावरसुद्धा घेता येणार नाही. पीएचडी करून या, कायमची जागा निघतीये, तुमच्यासारखा माणूस मला हवाय." पीएचडीची नोंदणीही एकदा वाढवून घेतलेली. ह्या महिन्यात थिसिस गेला नाही, तर नोंदणी रद्द. विषय अडकलेला होता तो एवढ्यावर.

आणि विषय तरी कुठला निवडला होता? ज्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव, तो.

बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेशनचा तास असला की एमएस्सीच्या वर्गात बीएस्सीची पोरंसुद्धा येऊन मागं उभी राहायची. सर आत आल्या आल्या खडू टेबलावर आपटायचे.

"सांगा, गॅस गार केला की बोसॉन तळाच्या पातळीत गोळा का होतात?"

"थंडी वाजते म्हणून, सर!" एखादा ओरडायचा.

"बस खाली. थंडीनं गोळा व्हायचे असते तर कुठलेबी कण झाले असते. लक्षात ठेवा, क्रांतिक तापमानाला एकेका बोसॉनच्या अंगात अजून रग असते. तळाच्या वरच्या हजारो पातळ्या चढायला पुरेल एवढी ऊर्जा भोवताली असते. तरी त्यातले ढीगभर तळाला जाऊन बसतात. का?"

सर पुढच्या बाकावरच्या दोघांकडं बोट करायचे.

"हा राम, हा ओम. राम वर, ओम खाली, ही एक मांडणी. ओम वर, राम खाली, ही दुसरी. माणसांच्या दोन झाल्या. पण बोसॉनला नावच न्हाई. अदलाबदल केली तरी तीच मांडणी, एकदाच मोजायची. कणांना नावं असती तर पांगून बसायच्या मांडण्या इतक्या निघाल्या असत्या, की एकाच जागी गर्दी करून बसणं त्यांच्यापुढं टिकलंच नसतं. नावं पुसली आन् पांगण्याचा तो भाव उतरला."

मग ते वडिलांवर यायचे. वडील साखर कारखान्यात पॅनवर होते, रस आटवून साखर धरायच्या कढईवर. "गरम पाकात साखर मावते. गार करत न्या, मावायची हद्द कमी होत जाते. हद्दीपलीकडची साखर कुठं जाणार? दाणा होऊन खाली. तसंच हितं. ठरावीक तापमानाला वरच्या सगळ्या पातळ्या मिळून किती बोसॉन सांभाळू शकतात, त्याला हद्द हाय. तापमान उतरलं की हद्द उतरते. ती कणांच्या संख्येखाली गेली की उरलेल्यांना एकच जागा, तळ. ज्या तापमानाला हे सुरू होतं ते क्रांतिक." आणि लगेच बोट वर करून, "फक्त एक. साखरेचे कण एकमेकांना धरतात. बोसॉन कुणी कुणाला धरत न्हाई, ओढत न्हाई. नुसत्या मोजणीनं साचतात. उपमेत अडकू नका."

ह्याच तासानं ज्ञानेश्वरी फिजिक्सकडं वळली. शिंगणापूरच्या रस्त्याला सोनईत मामाकडं राहून शिकायची ठरलेली पोर, हट्टानं कोपरगावला आली, हॉस्टेलला राहिली आणि आता पुण्यात संशोधन करत होती. तिनं एकदा शिक्षकदिनाच्या भाषणात सांगितलं होतं, की सरांना एकदा अर्ध्या तासानंतर फळ्यावर चूक सापडली, तेव्हा त्यांनी अख्खा फळा पुसून पहिल्यापासून लिहिलं, वेळ संपून गेला तरी. सर तेव्हा मान खाली घालून लाजले होते.

सोमवारी दुपारच्या मोकळ्या तासाला सरांनी पेनड्राइव्ह लावला.

आधी नेहमीचा डबा. त्यांचंच तापमान आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. म्हणजे पोरीचा प्रोग्रॅम बरोबर होता. मग कणांची दाटी तीच ठेवून डबा दहापट केला. तापमान उतरलं. शंभरपट केला. आणखी उतरलं. हजारपट. पुन्हा. एकदाच धाडकन पडलं असतं, तर प्रोग्रॅमवर ढकलता आलं असतं. हे ओल्या भिंतीवरच्या थेंबासारखं संथ खाली येत होतं, आणि थांबायचं नाव नाही.

त्यांनी कागद ओढला आणि हातानं मांडलं. खरं तर मांडायचीही गरज नव्हती. तीन मितींत तळाजवळ येऊ तशा पातळ्या विरळ होत जातात, म्हणून वरच्यांना हद्द पडते. दोन मितींत त्या विरळ होत नाहीत. तळाच्या अगदी जवळच्या पातळ्यांत बोसॉन कितीही ओता, मावत राहतात. हद्दच नाही, तर उरणार कोण आणि साचणार कोण? सापळ्याची गोष्ट वेगळी, तो वाटीसारखा कडेनं हळूहळू चढतो आणि तळाजवळच्या पातळ्या विरळ करतो. खाचा तसं काही करत नाहीत. सहा वर्षं त्यांना वाटलं, पातळ थरात खाचा मारल्या की कंडेन्सेशन मिळतं. मिळालं होतं ते फक्त डबा लहान म्हणून. लहान डब्यात तळाची पातळी आणि तिच्या वरची पातळी यांत फट राहते. त्या फटीला त्यांनी शोध म्हटलं होतं.

फोन वाजला. ज्ञानेश्वरीचा मेसेज होता. 'सर, बघितलंत का?'

खूप वेळानं त्यांनी लिहिलं, 'हो. बघितलं.'

तिकडून लगेच हात जोडलेलं चित्र आलं आणि खाली, 'मला माहीत होतं तुम्ही बघाल.'

त्यांनी फोन पालथा ठेवला.

नगरला त्यांचे गाइड होते, डॉ. शेवाळे, निवृत्तीला आलेले. त्यांचा मूळ विषय पातळ थरांच्या रसायनाचा. बोसॉनशी त्यांचा संबंध सह्यांपुरता. सरांनी आलेख त्यांच्यापुढं ठेवला. शेवाळे सरांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, पुन्हा नेला.

"म्हणजे चूक आहे?"

"चूक न्हाई, सर. निष्कर्षच न्हाई. शीर्षकातला दावाच खोटा हाय."

"दुरुस्तीला किती लागेल?"

"दुरुस्त काय करू? नसलेली गोष्ट दुरुस्त कशी करायची? वेगळा प्रश्न घ्यावा लागेल. वर्ष-दोन वर्षं."

"आणि नोंदणी?"

सर आलेखाची घडी घालू लागले.

शेवाळे सर उठले, दार लोटून आले. "बिभीषण, बस. मी वाचायला पाहिजे होतं. वाचलं नाही. झालं? आता माझं ऐक. तुझ्या लहान डब्यातले आकडे खोटे आहेत का?"

"न्हाईत. लहान डब्यात तसंच होतं."

"मग तू खोटं कुठं लिहितोयस? शेवटच्या प्रकरणात एक वाक्य टाक. 'मोठ्या आकारमानांचा अभ्यास हा पुढील संशोधनाचा विषय ठरेल.' पुढील कामाची दिशा. सगळे टाकतात."

"पण मी तो अभ्यास केलाय, सर. परवाच. मला उत्तर ठाऊक हाय."

"हे तुला आणि मला ठाऊक आहे."

"आणखी एकीला."

"ती परीक्षक आहे?" शेवाळे सरांचा आवाज चढला नाही, दमल्यासारखा झाला. "पंधरा वर्षं तासावर काढलीस. तुझी पोरं कुठल्या कुठं गेली. तू गेलास तर त्या वर्गावर कोण येईल सांगू? प्राचार्यांचा भाचा. तो पोरांना सांगेल थंडीनं गोळा होतात. मग? कुठलं खोटं मोठं?"

सर हसले. हसायला नको होतं, पण आलं. मग हसू मधेच थांबलं, आणि त्यांना कळलं की आपण नाही म्हटलेलं नाही.

घरी बायकोनं, मोनिकानं, दारातच विचारलं. शिवणाची कात्री हातात, गळ्यात टेप.

"काय म्हणले शेवाळे सर?"

"थिसिस भर म्हणले."

"मग तोंड का असं?"

"मोनिका, ते साचत न्हाई गं."

"काय साचत न्हाई?"

"मी लिहिलंय साचतं म्हणून. ते साचतच न्हाई. डबा मोठा केला की समदं पसरून जातं."

तिनं कात्री ठेवली. त्यांच्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत तिला बोसॉनचं काही कळलं नव्हतं, पण नवरा कळत होता. "कुणाचं नुकसान हुतं का त्यानं? पूल पडतो, औषध चुकतं, असं काही?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. न्हाईच."

"अहो, दर मार्चला तुमी तीन महिने घरात कसे बसता, मी बघते. भिंतीकडं तोंड करून. आईंना सांगता, लॅबचं काम हाय. मी तवा खोटं-खरं करत बसले का?" तिचा आवाज फुटला. "ह्या बारीनं भरा. बाकी देवाला बघू द्या."

त्यांनी भरलं. ते वाक्य टाकलं. टाइप करताना 'पुढील' शब्दापाशी कर्सर लुकलुकत राहिला, मग त्यांनी उरलेलं एका दमात मारलं. परिशिष्टातला दीडपट डब्याचा आलेखसुद्धा काढून टाकला. हे शेवाळे सरांनी सांगितलं नव्हतं. हे त्यांनी आपल्या मनानं केलं, आणि त्या दिवसापासून फळ्यावर काही न लिहिता, त्याच्याकडं पाठ करूनच शिकवायची त्यांना सवय लागली. बोसॉनचा धडा त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या सरांना देऊन टाकला. पोरं विचारायला आली, तर म्हणाले, "घसा बसलाय."

तोंडी परीक्षा नगरला ठरली. खुली असते ती. नोटीस लागते, कुणीही येऊन बसावं, कुणीही विचारावं, असा नियम. प्रत्यक्षात येतात ते घरचे आणि पेढ्यांचा वास आलेले विद्यार्थी. केडगावच्या एका खानावळीत सगळ्यांचं जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. शाल, नारळ, फेटा मोनिकानं पिशवीत आणलेले, आणि ती पिशवी पहिल्या रांगेत तिच्या मांडीवर. निकाल लागायचा होता, पण तो लागल्यासारखाच सगळा थाट. दर वेळी असाच असतो.

ज्ञानेश्वरीला नोटीस कुणी पाठवली, सरांना कळलं नाही. ती शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. सरांची नजर गेली, तशी ती हसली. मोकळं, अभिमानाचं हसू. तिला वाटत होतं, सरांनी बघितलंय. म्हणजे आता सर काहीतरी वेगळंच मांडणार. खाचांनी का होत नाही, हेच कदाचित. तिनं वहीसुद्धा उघडली.

पडद्यावर पहिली पाटी आली. शीर्षक तेच. तिनं पेन वहीवर टेकवून धरलं.

दुसरी पाटी, तिसरी. सरांचा आवाज आज सरळसोट, वाचल्यासारखा. "ह्या आलेखात तळपातळीतल्या कणांचा वाटा दिसतो. ह्या तापमानाखाली तो झपाट्यानं वाढतो. हेच खाचयुक्त थराचं क्रांतिक तापमान." एक डबा. सगळ्या पाट्यांवर तोच एक डबा. सर पडद्याकडं बघून बोलत होते, पण त्यांना मागच्या रांगेतली वही मिटल्याचा आवाज ऐकू आला. दालन मोठं होतं, पंखे चालू होते, वही मिटल्याचा आवाज येणं शक्य नव्हतं. तरी आला.

बाहेरून आलेले परीक्षक लांबच्या विद्यापीठातले, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांचं काम नॅनो कणांवरचं. त्यांनी विचारलं, "क्वांटम कॉम्प्युटरला ह्याचा काही उपयोग?"

"भविष्यात होऊ शकेल, सर."

"छान. पान चौऱ्याण्णववर आकृतीचा क्रमांक दोनदा आलाय."

"दुरुस्त करतो, सर."

"उत्तम काम. एवढ्या आडगावच्या कॉलेजात, इतक्या साध्या साधनांवर, कौतुक आहे." त्यांनी शेवाळे सरांकडं बघून मान डोलावली. शेवाळे सर टेबलाकडं बघत होते.

अध्यक्षांनी माइक जवळ घेतला. "नियमाप्रमाणे, सभागृहात कुणाला काही विचारायचं असल्यास..."

मोनिका मागं वळून बघायला लागली, जणू कुणी हात वर केला तर ती तो खाली ओढणार होती. कुणी हात वर केला नाही. ज्ञानेश्वरीनंही नाही. ती बसलेली होती, मांडीवर मिटलेली वही, नजर सरांवर. त्या नजरेत राग असता तर सरांना सोसला असता.

त्या क्षणी बिभीषण सरांना एकच गोष्ट हवी झाली. तिनं विचारावं. एकच प्रश्न, डबा केवढा. तिनं विचारलं की ते सांगणार होते, सगळं, हजारपट डब्यापर्यंतचं. स्वतःहून त्यांच्यानं होणार नव्हतं, ते त्यांना आता पुरतं कळून चुकलं होतं. पण प्रश्न आला असता, तर उत्तर द्यायची सवय त्यांच्या हाडातच होती.

"कुणालाच नाही? मग आपण..."

"एक मिनिट," सर म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा घसा खरोखरच बसला होता. "ज्ञानेश्वरी."

ती दचकली नाही.

"तुला काही विचारायचंय का?"

शेवाळे सरांनी डोळे मिटले. मोनिकाच्या मांडीवरची पिशवी घसरली, नारळ आतल्या आत घरंगळला. परीक्षक कौतुकानं मागं वळले, विद्यार्थिनी आहे वाटतं, असं काहीसं पुटपुटत.

"विचार ना," सर म्हणाले. "काहीही विचार."

ज्ञानेश्वरी उठली. वही पिशवीत घातली. रांगेतल्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत, कुणाच्या पायाला धक्का लागू नये म्हणून खाली बघत, ती दारापर्यंत गेली, आणि दार हळूच लोटून बाहेर निघून गेली.